घराचा परिचय लिहिताना

पुणे

चि. सौ. मुग्धा,


‘आमच्याविषयी’चा मजकूर मिळाला. खाली समीरने लिहिलं होतं, ‘आत्या, फक्त शुद्धलेखन बघ.’ शुद्धलेखनात काही अडचण नाही. मला बोलायचंय ते मजकुराबद्दल, आणि ते फोनवर नीट सांगता येणार नाही, म्हणून पत्र लिहिते आहे. तुझा मजकूर आधी इथे उतरवून घेते, म्हणजे वाचताना समोर राहील:

‘निसर्गाच्या कुशीत वसलेल्या आमच्या होमस्टेमध्ये आपले सहर्ष स्वागत आहे. शहराच्या धकाधकीपासून दूर, निळाशार समुद्र आणि हिरवीगार नारळी-पोफळीची झाडी यांच्या सान्निध्यात अविस्मरणीय क्षण अनुभवा. अस्सल कोकणी घरगुती जेवण, स्वच्छ व प्रशस्त खोल्या आणि आपुलकीचे आदरातिथ्य ही आमची वैशिष्ट्ये. एकदा याल तर पुन्हा पुन्हा याल!’

आता हाच मजकूर घे आणि त्यावर गुहागरच्या खालच्या पाटातल्या कुठल्याही होमस्टेचं नाव घाल. मग वेळणेश्वरच्या एखाद्या घराचं घाल, मग हेदवीच्या, मग दापोलीकडच्या मुरूडच्या. कुठेच एक शब्दही बदलावा लागत नाही. डोंबिवलीत बसून एखादी बाई डिसेंबरच्या सुट्टीसाठी आठ-दहा घरं बघत असते. तिला प्रत्येक ठिकाणी ही कूस, ही धकाधक आणि हे अविस्मरणीय क्षण भेटतात. मग ती मजकूर वाचायचं सोडते आणि फोटो व भाडं बघून ठरवते. भाड्यातच तुलना व्हायची असेल, तर तुमच्यापेक्षा शंभर रुपये कमी घेणारं घर गुहागरात कायम सापडणार. आपलं घर वेगळं आहे हे सांगायची तुझ्या हातातली एकच जागा ही, आणि ती रिकामी राहिली आहे.

ती रिकामी आहे याचा पुरावा तुझ्याकडेच आहे. दिवाळीत तू म्हणाली होतीस की दिवसभर फोनवर तीच तीच उत्तरं देऊन घसा बसतो. समुद्र किती लांब? एसी आहे का? मासे मिळतील का? आई-बाबा वयस्कर आहेत, पायऱ्या किती? गाडी आत येते का? हे सगळे लोक तुझा मजकूर वाचून फोन करत होते. त्यांना जे हवं होतं, ते त्या चार वाक्यांत नव्हतं. तेव्हा पहिलं काम असं कर: फोनजवळ एक वही ठेव आणि पंधरा दिवस, जो प्रश्न येईल तो विचारणाऱ्याच्याच शब्दांत लिहून काढ. उत्तर लिहू नकोस, फक्त प्रश्न. जे चार-पाच प्रश्न पुन्हा पुन्हा येतील, त्यांची उत्तरं परिच्छेदात यायला हवीत. बाकीची खाली वेगळ्या ओळींत द्यायची.

दुसरी वही घरात आहेच, ओटीवरच्या कोनाड्यातली अभिप्रायाची. ती उघड आणि ‘छान’, ‘सुंदर’, ‘अप्रतिम’ हे शब्द सोडून दे. कौतुकात लोकांनी कुठल्या वस्तूचं, कुठल्या माणसाचं किंवा कुठल्या वेळेचं नाव घेतलंय, तेवढंच अधोरेखित कर. मी मे महिन्यात ती चाळली होती. तिथे माडीवरच्या खोलीबद्दल फारसं कुणी लिहिलेलं नाही. वहिनींच्या घावनांबद्दल आहे, वाडीतून समुद्राकडे जाणाऱ्या वाटेबद्दल आहे, आणि सगळ्यांत जास्त दादाच्या भरतीच्या वेळांबद्दल आहे. घरात राहून गेलेल्या माणसाला जे आठवतं, तेच येणाऱ्या माणसाला सांगायचं.

आता एकेक वाक्य घेऊ या. पहिलं वाक्य पूर्ण काढ. स्वागत आहे हे कुणालाही माहीतच असतं, नाहीतर आपण घर उघडलंच नसतं. ‘निसर्गाच्या कुशीत’ म्हणजे नेमकं कुठे, हे गुहागरात सांगणं फार सोपं आहे आणि ते कुणी सांगत नाही. आपल्याकडची घरं रस्त्याला तोंड करून आहेत. रस्त्यापासून समुद्रापर्यंत प्रत्येकाची एक अरुंद, लांबच लांब पट्टी: पुढे खळं, मग ओटी-माजघर-स्वयंपाकघर, मागे विहीर, मग नारळी-पोफळीची वाडी, आणि वाडी संपली की सुरूची झाडं आणि पुळण. पुण्या-मुंबईच्या माणसाला ही रचना ठाऊक नसते. त्याच्या डोक्यात ‘समुद्राजवळ’ म्हणजे एक डांबरी रस्ता ओलांडून, गाड्यांच्या रांगेतून वाट काढत जाणं. मागचं दार उघडून सावलीतून चालत गेलं की वाळू लागते, हे त्याला सांगितलंस की ‘निसर्गरम्य’ म्हणायची गरजच उरत नाही. शिवाय परिच्छेदाचा क्रमही घराच्या रचनेतूनच मिळतो. पाहुणा जसा आत येईल तसं लिहीत जा: रस्ता, ओटी, खोली, स्वयंपाकघर, वाडी, समुद्र. किंवा समुद्र आधी सांगून मग आत ये. पण कुठल्यातरी पायवाटेने चाल. तुझ्या मजकुरात वाचणारा एकदम समुद्रावर, तिथून ताटावर आणि तिथून खोलीत जाऊन पडतो.

अंतर लिहिताना मात्र सांभाळ. समीर ‘दोन मिनिटांवर’ म्हणतो, कारण तो बत्तीस वर्षांचा आहे आणि अनवाणी पळत जातो. दादाला बरोबर घेऊन त्याच्या चालीने जा आणि घड्याळ बघ. माझ्या अंदाजाने सात-आठ मिनिटं लागतील. तेवढीच लिही. दोन मिनिटं वाचून आलेला माणूस आठव्या मिनिटाला वैतागलेला असतो. आठ वाचून आलेल्याला तीच वाट सुखाची वाटते, कारण वाट तशी खरोखरच सुखाची आहे.

‘अस्सल कोकणी घरगुती जेवण’ या चार शब्दांनी तुमचं सगळ्यांत जास्त नुकसान केलंय. कोकणी जेवण म्हटलं की घाटावरच्या दहापैकी आठ माणसांच्या डोळ्यांसमोर सुरमई आणि कोळंबी येते. आपल्या घरात शाकाहारी स्वयंपाक होतो. मागच्या वर्षी आलेलं एक कुटुंब ताटावर बसल्यावर हिरमुसलं, मुलांनी तोंडं पाडली, वहिनींना दोन दिवस अपराधी वाटत राहिलं. त्यात चूक ना त्यांची होती ना वहिनींची. ‘शाकाहारी’ हा एक शब्द परिच्छेदात नव्हता. तो स्पष्ट, आणि जेवणाच्या वाक्याच्या सुरुवातीलाच यायला हवा. कंसात किंवा तळाच्या सूचनांमध्ये नको. त्याच्याच पुढे लिही की मासे खायचे असतील तर गावातल्या खानावळी आम्ही सांगू. घरात मासे शिजत नसले तरी पाहुण्याच्या जिभेचा विचार या घरात होतो, हे त्या एका वाक्यातून कळतं. ‘आपुलकीचे आदरातिथ्य’ असं छापून ते कधीच कळत नाही.

मग ताटात काय असतं ते सांग, पण यादी करू नकोस. मला माहीत आहे तुला काय लिहावंसं वाटेल: घावन, आंबोळी, उकडीचे मोदक, खांडवी, पातोळे, फणसाची भाजी, केळफुलाची भाजी, अळूचं फदफदं, डाळिंब्यांची उसळ, सोलकढी. सगळं खरं आहे आणि सगळं वहिनींच्या हातचं मी खाल्लंय. पण हे सगळं एका दिवशी होत नाही, एका ऋतूतही होत नाही. पातोळ्यांना हळदीची पानं लागतात, ती श्रावण-भाद्रपदात. कोवळ्या फणसाची भाजी शिमग्याच्या आसपास. जानेवारीत आलेल्या माणसाने यादीवर बोट ठेवून पातोळे मागितले, तर तू काय करणार? म्हणून रोज जे होतं तेवढंच नावाने लिही: सकाळी घावन किंवा आंबोळी, दुपारी आमटी-भात आणि सोलकढी. बाकीच्यांसाठी एकच गोष्ट पुरेशी आहे: वाडीत त्या दिवसांत जे असेल त्याची भाजी. हे बारा महिने खरं राहतं. घराला वाडी आहे हेही त्यातून कळतं, आणि ‘आज काय आहे?’ हे विचारायची उत्सुकता शिल्लक राहते.

इथेच एक व्याकरणाची गोष्ट. पुढच्या खेपेला तू लिहिशील, ‘पाहुण्यांना ताजे जेवण दिले जाते.’ कोण देतं? ‘दिले जाते’, ‘काळजी घेतली जाते’, ‘व्यवस्था करण्यात आली आहे’ ही भाषा सरकारी विश्रामगृहाची आहे. तिच्यात माणूस दिसत नाही. ‘स्वयंपाक आई आणि मुग्धा करतात’ असं लिही. दारात कोण दिसेल, कुणाला हाक मारायची, हे आलेल्या माणसाला आधीच कळलेलं असतं आणि त्याचा संकोच तिथेच निम्मा होतो. परिच्छेदात ऊब हवी असेल तर क्रियापदाला कर्ता दे. विशेषणं वाढवून ती येत नाही.

आता दादा. या मजकुरात तो कुठेच नाही, आणि मला त्याचंच सगळ्यांत आश्चर्य वाटलं. रोज सकाळी कॅलेंडरवरची तिथी बघून तो सांगतो की भरती किती वाजता पुरी होईल. तिथीची पाऊणपट करायची, एवढाच त्याचा हिशेब, कोकणातल्या जुन्या माणसांना पाठ असलेला. षष्ठी असेल तर साडेचार, अष्टमीला सहा. पहाटे एकदा आणि संध्याकाळी एकदा, थोडं पुढेमागे. त्यानंतर साधारण सहा तासांनी पुरी ओहोटी. म्हणजे षष्ठीला सकाळी साडेदहाच्या सुमारास पाणी मागे गेलेलं असतं, ओली वाळू पायाखाली टणक असते आणि लहान मुलांना घेऊन लांबवर चालता येतं. पाहुण्यांना हे कळलं की त्यांची सकाळच बदलते. ज्यांना हेदवीची बामणघळ बघायची असते, त्यांना तर याची गरज फारच. तिथे खडकातल्या चिरेतून पाणी उसळतं ते भरतीच्या वेळी. ओहोटीला गेलेला माणूस नुसते खडक बघून परत येतो. वहीतल्या इतक्या लोकांनी दादाचं नाव का लिहिलंय, ते आता बघ. दादाच्या भरतीच्या वेळांचं वाक्य दुसऱ्या घराच्या नावाखाली घातलं तर खोटं ठरेल. अशी दोन वाक्यं तरी परिच्छेदात हवीत. तुमच्याकडे ती आहेत.

मात्र त्याला विचारल्याशिवाय त्याच्याबद्दल काही छापू नकोस. माझ्या भावाला मी ओळखते. कुणी विचारलं तर तो तासभर बोलेल, पण ‘अनुभवी मार्गदर्शक’ असं लिहिलेलं त्याला रुचणार नाही. ‘बाबा वेळ सांगतात’ एवढंच लिही. तो समुद्रावर बरोबर येईल, असं वचन देऊ नकोस. त्याचा गुडघा कधी बरा असतो, कधी नसतो. एका माणसाच्या तब्येतीवर अवलंबून असलेली गोष्ट परिच्छेदात घातलीस, की ती पाहुण्याच्या लेखी हक्काची होते. लेकीचं नाव आणि शाळा तर मुळीच नको.

खोल्यांबद्दल ‘स्वच्छ व प्रशस्त’ हे कोण लिहीत नाही? स्वच्छता फोटोत दिसू दे. इथे सांगायचं ते फोटोत न दिसणारं: एसी नाही, पंखा आहे, संडास-न्हाणीघर प्रत्येक खोलीला आतच आहे, आणि ओटीला चार उंच पायऱ्या आहेत. तू म्हणशील, उणिवा कशाला सांगायच्या? पायऱ्यांची गोष्ट घे. गुडघे दुखणाऱ्या आईला घेऊन येणारा मुलगा फोटोत ओटी बघतो, त्याला पायऱ्या मोजता येत नाहीत. तो एकतर दुसरं घर बघतो, नाहीतर येतो आणि दारातच अडतो. पण तुमच्याकडे पडवीतली खोली आहे, तिला फक्त उंबरा आहे. पायऱ्या सांगितल्यास तर लगेच ती खोलीही सांगता येते. प्रत्येक उणिवेच्या पुढे घर काय करू शकतं ते एका वाक्यात लिही, आणि जिथे काहीच करता येत नाही तिथे नुसती उणीव सांगून थांब. एसीबद्दल सारवासारव करू नकोस. ‘कौलांमुळे एसीची गरजच भासत नाही’ असं कुणीतरी सुचवेल. मे महिन्याच्या दुपारी ते खरं नाही, हे तुलाही माहीत आहे.

शेवटचं उद्गारचिन्हाचं वाक्य काढ. पुन्हा यायचं की नाही ते पाहुणा ठरवेल.

हे सगळं घेऊन मी एक परिच्छेद लिहून बघितला आहे. जसाच्या तसा घ्यावास असं मुळीच नाही. तुझ्या घरात तू राहतेस, मी माहेरवाशीण आहे. पण वर सांगितलेलं एकत्र कसं दिसतं ते कळावं म्हणून देते:

‘गुहागरच्या वरच्या पाटात रस्त्याला लागून आमचं कौलारू घर आहे. मागच्या दारातून नारळी-पोफळीच्या वाडीत उतरलात की सावकाश चालत सात-आठ मिनिटांत पुळणीवर पोचाल. निघण्यापूर्वी बाबांना विचारा. तिथीवरून भरती-ओहोटीची वेळ ते सांगतात. पाहुण्यांसाठी तीन खोल्या आहेत. पंखा आणि संडास-न्हाणीघर प्रत्येक खोलीला आहे, एसी नाही. ओटीला चार उंच पायऱ्या आहेत. गुडघे दुखत असतील तर आधी कळवा, पडवीतली खोली तुमच्यासाठी ठेवू. स्वयंपाक आई आणि मुग्धा करतात, आणि तो शाकाहारीच असतो: सकाळी घावन किंवा आंबोळी, दुपारी आमटी-भात, सोलकढी आणि वाडीत त्या दिवसांत जे असेल त्याची भाजी. मासे खायचे असतील तर गावातल्या खानावळी सांगू. रात्री दहाला घर झोपतं. सध्या खळ्यात सुपारी वाळते आहे.’

यात मी काय घातलं नाही तेही सांगते. घर किती जुनं, कुणी बांधलं, जांभा कुठल्या खाणीतला, यातलं काही नाही. आपल्या घरात याच्या तीन गोष्टी तीन जण सांगतात आणि त्यातली कुठली खरी हे कुणालाच ठरवता आलेलं नाही. ती गंमत जेवताना पाहुण्यांना सांगायची. छापलेल्या मजकुरात खात्रीचंच हवं. व्याडेश्वराचं देऊळ, वेळणेश्वर, हेदवी हेही घातलं नाही, कारण ते सगळ्या गावाचं आहे आणि सगळेच लिहितात. भाडं, यायची-जायची वेळ, आगाऊ रक्कम, चिपळूण स्टेशनपासूनचं साधारण ४५ किलोमीटरचं अंतर, दापोलीकडून येणाऱ्यांसाठी दाभोळ-धोपावे फेरीबोट, गाडी कुठे लावायची, हे सगळं खाली सुट्या ओळींत दे. ती माहिती शोधायला माणूस वेगळ्या डोळ्यांनी येतो. परिच्छेदात कोंबलीस तर दोन्ही बिघडतात.

‘रात्री दहाला घर झोपतं’ हे वाचून समीर बहुधा कुरकुरेल. राहू दे. तीस जणांचा गट गाणी लावायला मोकळी जागा शोधत असतो, त्याला हे वाक्य वाचूनच कळेल की हे घर त्याच्यासाठी नाही. आणि चार माणसांचं कुटुंब, ज्यांना नेमकं हेच हवंय, त्यांना तेच वाक्य वाचून हायसं वाटेल. अशा एका वाक्याने मे महिन्यातले किती वाद वाचतील, याचा विचार कर.

एक व्यवहाराची गोष्ट. गूगलवर व्यवसायाच्या वर्णनाला ७५० अक्षरांची मर्यादा आहे, आणि त्यात दुवे आणि सवलतींच्या जाहिराती चालत नाहीत. देवनागरीत काना-मात्रा-वेलांट्याही त्या मोजणीत येतात, त्यामुळे मजकूर दिसतो त्यापेक्षा लवकर भरतो. वरचा परिच्छेद माझ्या मोजणीने त्यात बसतो. तू बरीच वाक्यं वाढवलीस तर काही काढावी लागतील. शिवाय पूर्ण मजकूर उघडण्याआधी लोकांना वरच्या दोन-तीन ओळीच दिसतात. म्हणून पट्टीसारखी वाडी आणि पुळण मी अगदी सुरुवातीला ठेवली आहे. तुझ्या मजकुरात त्या जागी स्वागत होतं.

आणि शेवटचं वाक्य मुद्दाम सुटं ठेवलंय. ते ऋतूप्रमाणे बदलत जा. दिवाळीनंतर सुपारी उतरवली की महिना-सव्वा महिना खळं भरलेलं असतं, तेव्हा हे वाक्य. एप्रिल-मेमध्ये आंब्याची आढी आणि आमसुलांसाठी फोडलेली कोकमं. पावसात मात्र तिथे काहीतरी रम्य लिहायचा मोह आवर आणि सरळ लिही की समुद्र खवळलेला असतो, पाण्यात उतरू देत नाही, आणि वीज जाते. पावसाळ्यात येणारा माणूस तेवढ्यानेही थांबणार नाही, पण तयारीने येईल. फक्त बदलायचं विसरू नकोस. फेब्रुवारीत ‘सध्या सुपारी वाळते आहे’ असं राहिलं, तर बाकीच्या अकरा वाक्यांवरचाही विश्वास जाईल. कॅलेंडरवर चार तारखांना खूण करून ठेव, दादा तिथी बघतो त्याच पानावर.

तुझा पुन्हा लिहिलेला मजकूर मला पाठवण्याआधी वहिनींना मोठ्याने वाचून दाखव. कुठल्या शब्दावर त्या ‘हे कोण बोलतंय?’ असं म्हणाल्या, तर तो शब्द बदल. आणि वाडीतून चालायला किती मिनिटं लागली ते कळव. माझ्या सात-आठवर विसंबू नकोस.

दादा-वहिनींना नमस्कार, लेकीला पापा.

तुझी,
आत्या